कमळ, अ‍ॅकँथस आणि वळणवेल : जुन्या पलंगाचे वय नक्षीवरून कसे ओळखावे

कोकणातल्या जुन्या घरांत शिसवी पलंग, नक्षीदार कोच, पितळी समई किंवा माडीचा लोखंडी कठडा यांचे वय विचारले, तर उत्तर बहुधा ‘आंग्र्यांच्या वेळचे’ किंवा ‘पेशवाईतले’ असे मिळते. खरेदीचा कागद क्वचितच उरलेला असतो. उरते ती वस्तू आणि तिच्यावरची नक्षी. या नक्षीत तीन आकार पुन्हापुन्हा भेटतात : कमळ, खोल कातरलेल्या कडांचे अ‍ॅकँथसचे पान आणि स्वतःभोवती वळत जाणारी वेल. तिन्हींवरून काळाचा अंदाज बांधता येतो, मात्र तिन्हींची साक्ष सारख्या वजनाची नसते आणि कोणत्या साक्षीला कुठे थांबवायचे हे ठाऊक नसेल, तर अंदाज शंभर वर्षांनीही चुकतो.

सर्वांत आधी एक नियम पक्का करावा लागतो. नक्षीचा आकार फक्त एका बाजूची मर्यादा सांगतो : ही वस्तू अमुक काळाच्या आधीची असू शकत नाही. तिच्यानंतर कितीही वर्षांनी ती घडलेली असू शकते, कारण एकदा माहीत झालेला आकार कारागीर केव्हाही पुन्हा कोरू शकतो. पणजोबांचे नाव पणतवाला ठेवले म्हणून पणतवाचे वय वाढत नाही; नक्षीचेही तसेच आहे. म्हणून एका वस्तूवर चार खुणा सापडल्या आणि त्या वस्तूच्या मूळ घडणीतल्या आहेत याची खात्री झाली, तर त्यांपैकी सर्वांत अलीकडची खूण निर्णायक ठरते, सर्वांत जुनी नव्हे. घरगुती अंदाज बहुतेक वेळा नेमका याच्या उलट बांधला जातो.

या नियमाने पाहिले, तर कमळ ही सर्वांत कमकुवत साक्ष आहे. भारहूत आणि सांची येथील स्तूपांच्या कठड्यांवर इसवी सनापूर्वीच कमळाची गोल पदके कोरली गेली आणि तेव्हापासून आजच्या देव्हाऱ्यापर्यंत हा आकार खंडित झालेला नाही. वरून पाहिलेले, पाकळ्या चहूबाजूंनी पसरलेले गोल कमळ दरवाजाच्या चौकटीवर, तुळईच्या टोकावर किंवा झोपाळ्याच्या पितळी कड्यांवर असेल, तर त्यावरून काळ सांगता येत नाही. मूर्तीच्या किंवा समईच्या बैठकीभोवती वर आणि खाली वळलेल्या पाकळ्यांच्या दोन रांगा असतात, त्यांचेही तसेच. अशा ठिकाणी आकार बाजूला ठेवून घडणीकडे वळावे लागते.

पण आपल्या घरांत आणखी एक कमळ असते आणि ते बारकाईने ओळखण्यासारखे आहे. ते वरून पाहिलेले नसते, बाजूने पाहिलेले असते. कातीव खांबाच्या किंवा पायाच्या फुगीर भागाभोवती लांबट, टोकदार पाकळ्या एकमेकींवर चढत वर जातात आणि सारा आकार उमलू लागलेल्या कळीसारखा दिसतो; त्याच्या वर बहुतेक वेळा खांबाच्या लांबीने उभ्या बारीक पन्हळी किंवा नळ्या कोरलेल्या असतात. हे कमळ देवळाच्या परंपरेतून आलेले नाही. १७९८ मध्ये नेपोलियनने इजिप्तवर स्वारी केली, तिच्यासोबत गेलेल्या अभ्यासकांनी तिथल्या मंदिरांची चित्रे काढून आणली, ती १८०२ पासून छापली जाऊ लागली आणि नाईलकाठच्या कुमुदाच्या कळ्या व पाकळ्या फ्रान्स आणि इंग्लंडमधल्या सामानावर अवतरल्या. इंग्रज अधिकारी आणि व्यापारी यांच्यासाठी हिंदुस्थानात घडणाऱ्या सामानातही हा आकार आला आणि १८२० ते १८४० च्या सुमारास तो येथे चांगलाच रुळला. त्यामुळे खांबावर असे बाजूने पाहिलेले कमळ असेल, तर ते इतर कमळांपेक्षा बरेच काही सांगते : तो खांब एकोणिसाव्या शतकाच्या आधीचा नाही. सुताराच्या हाताला देवळातले कमळ आधीच सवयीचे असल्यामुळे काही खांबांवर दोन्हींची सरमिसळ झालेली आढळते, पाकळीचे टोक गोलसर होते आणि मध्ये शिर येते. तरीही पाकळ्यांची मांडणी बाजूने आहे की वरून, हे एका नजरेत कळते.

अ‍ॅकँथसचे पान मात्र आपल्याकडे परदेशातूनच आले, आणि म्हणून ते कमळापेक्षा अधिक उपयोगी आहे. भूमध्य समुद्राच्या काठी उगवणाऱ्या या झाडाचे पान मोठे, मऊ आणि खोल कातरलेले असते. ग्रीक शिल्पींनी ते कॉरिंथियन पद्धतीच्या स्तंभशीर्षावर बसवले आणि रोमनांकडून ते साऱ्या युरोपच्या नक्षीत शिरले. कोकणच्या खाड्यांत कांदळवनाच्या कडेने जी काटेरी पानांची, निळसर जांभळ्या फुलांची मारांडी वाढते, ती याच वंशातली वनस्पती आहे. तरीही सामानावरचे पान तिच्यावरून घेतले असावे असे मानण्यास आधार नाही, कारण मारांडीचे पान चिवट, लहान आणि कडांना काटे असलेले असते, तर कोरलेले पान नेहमी रुंद, मऊ वळणाचे आणि टोकाशी बाहेर कललेले असते. गांधार प्रदेशातल्या बौद्ध स्तंभशीर्षांवर हे पान इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत दिसते खरे, पण त्या परंपरेचा धागा कोकणातल्या लाकूडकामापर्यंत पोचत नाही.

कोकणात ते दोन वाटांनी आले. पहिली वाट पोर्तुगीजांची. वसई त्यांच्याकडे १५३४ पासून १७३९ पर्यंत होती, चौल-रेवदंड्यावरचा त्यांचा ताबा १७४० मध्ये संपला आणि गोव्यात ते १९६१ पर्यंत राहिले. त्यांच्या चर्चच्या दर्शनी भागांवर स्तंभशीर्षांतून आणि वेद्यांवरच्या सोनेरी कोरीवकामातून हे पान इथल्या कारागिरांच्या हाताखालून गेले. जुन्या गोव्याच्या बॉम जेझूस चर्चचे बांधकाम १५९४ मध्ये सुरू होऊन १६०५ मध्ये पूर्ण झाले. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातले आणि अठराव्या शतकाच्या आरंभीचे बरोक शैलीचे अ‍ॅकँथस जाड, मांसल आणि खोल कोरलेले असते. पानातून पान फुटते, प्रत्येक फांदी पूर्ण गोल वळण घेते आणि पार्श्वभूमीचा रिकामा भाग फार थोडा उरतो. दुसरी वाट मुंबईची आणि ती शंभर-दीडशे वर्षांनी उघडली. तिथल्या कारखान्यांत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून काळ्या शिसवी लाकडाचे भरगच्च नक्षीचे कोच, खुर्च्या, टेबले आणि पलंग युरोपीय नमुन्यांवरून घडू लागले. कोकणातल्या घरांत आज जे नक्षीदार शिसवी सामान दिसते, त्यातले बरेचसे याच दुसऱ्या वाटेचे असते, आणि त्याला पहिल्या वाटेचे वय चिकटवणे ही या भागातली सर्वांत सामान्य गफलत आहे.

दोन्ही वाटा वेगळ्या करण्याचे काम तिसरा आकार, म्हणजे वळणवेल करते. माझ्या मते तिघांत हीच सर्वांत बोलकी, कारण पानाचा आकार सावकाश बदलतो, पण वळण कसे घ्यायचे याची फॅशन दर पंचवीस-तीस वर्षांनी पालटत गेली.

आपल्या देवळांच्या द्वारशाखांवरची पानवेल पाहावी. तिचा देठ अखंड असतो. तो एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झुकत सारख्या लयीत पुढे जातो आणि प्रत्येक वळणाच्या पोटात एक पान, फूल किंवा पक्षी बसतो. बोट ठेवून सुरुवातीपासून शेवटापर्यंत देठ न तुटता जाता येते. बरोक वेलीतही देठ बहुधा सलग असतो, फक्त तो मध्यभागातून निघून दोन्ही बाजूंना मोठी चक्राकार वळणे घेतो. पण १७३० च्या सुमारास फ्रान्समध्ये रोकोको शैली रुजली आणि वेल तुटली. तिच्या जागी रोमन लिपीतल्या ‘सी’ आणि ‘एस’ या अक्षरांच्या आकाराचे सुटे तुकडे आले. ते पाठीला पाठ लावून किंवा टोकाला टोक लावून मांडले जातात, मध्ये शिंपल्यासारखा पन्हळदार आकार असतो, आणि डावी बाजू उजवीसारखी नसते. असमतोल हाच त्या शैलीचा प्राण होता. इंग्लंडमध्ये ही फॅशन १७४० नंतर पसरली, आणि थॉमस चिपेंडेल या सुताराने १७५४ मध्ये छापलेल्या नमुन्यांमुळे ती सुतारांच्या हातात सहज पोचली. म्हणजे सुटे ‘सी’ आकाराचे वळण दिसले की रेवदंड्याच्या पोर्तुगीज काळाचा दावा जवळजवळ मोडतो, कारण ती फॅशन समुद्र ओलांडून येण्याच्या आधीच तो काळ संपलेला होता. १७६० नंतर युरोपात पुन्हा सरळ, सपाट, उथळ आणि समतोल नक्षी आली. तिचा ठसा आपल्या बाजूला फारसा सापडत नाही, म्हणून ती इथे सोडून देतो.

गुंता पुढे होतो. हीच रोकोको वळणे इंग्लंडमध्ये १८२० च्या दशकापासून पुन्हा आवडू लागली, १८४० ते १८७० या काळात तर ती सर्वत्र होती, आणि मुंबईच्या शिसवी सामानाने उचलली ती हीच दुसरी लाट. पहिल्या आणि दुसऱ्या लाटेतला फरक ओळखता येतो. पहिल्या लाटेतली वळणे सडपातळ असतात, टोकांकडे निमुळती होतात आणि खरोखर असमतोल असतात. दुसऱ्या लाटेत वळणे जाड होतात, डावी-उजवी बाजू आरशातल्यासारखी जुळते, मधल्या शिंपल्याची जागा अ‍ॅकँथसच्या पानांचा गुच्छ किंवा हुबेहूब कोरलेली गुलाबाची फुले आणि द्राक्षांचे घोस घेतात. मुंबईच्या कामात यात भर पडते ती आरपार कोरलेल्या जाळीची : कोचाच्या पाठीत एकही सपाट फळी नसते, सारी पाठ म्हणजे पानांची आणि वळणांची जाळीच असते.

आता हे सारे एका वस्तूवर लावून पाहू. समजा, अलिबाग-रेवदंडा पट्ट्यातल्या एका घरात चार खांबांचा शिसवी पलंग आहे. घरात दोन कथा आहेत : एक म्हणते तो आंग्र्यांच्या दरबारातून आला, दुसरी म्हणते तो फिरंगी निघून गेले तेव्हा मागे राहिला. कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये वारले आणि पोर्तुगीज १७४० मध्ये गेले, तेव्हा दोन्ही कथांनी पलंगाचे वय पावणेतीनशे वर्षांच्या पलीकडे नेले आहे.

प्रथम खांब पाहायचे. प्रत्येक खांबाच्या खालच्या तिसऱ्या भागात फुगवटा आहे, त्याला टोकदार पाकळ्यांनी वेढले आहे आणि वर उभ्या नळ्या गेल्या आहेत. हे बाजूने पाहिलेले कमळ आहे, म्हणजे खांब १८०० नंतरचे. इथेच दोन्ही कथा बाजूला पडतात. मात्र त्याआधी एक शंका फेडून घ्यावी लागते : पाकळ्या खांबासोबतच कोरल्या गेल्या की साध्या खांबावर नंतर कोणी त्या घातल्या? यासाठी एक सोपी, भरवशाची परीक्षा आहे. खांब कातताना सुतार नक्षीसाठी लाकडाचा फुगवटा राखून ठेवतो आणि मग आजूबाजूचे लाकूड काढतो, त्यामुळे मूळची नक्षी भोवतालच्या पृष्ठभागापेक्षा उठून वर असते. नंतर घातलेल्या नक्षीसाठी जास्तीचे लाकूड नसते, म्हणून ती पृष्ठभागाच्या आत बुडालेली असते. सरळ पट्टी उभी धरून खांबाच्या साध्या भागावर टेकवून नक्षीवर सरकवली, तर ती पाकळ्यांना अडखळते की त्यांच्यावरून मोकळी जाते, यावरून उत्तर मिळते. आपल्या पलंगावर पट्टी अडखळते. पाकळ्या मूळच्याच आहेत.

मग डोक्याकडची नक्षीदार फळी. तिच्या माथ्यावर मध्यभागी अ‍ॅकँथसच्या पानांचा गुच्छ आहे, त्याच्या दोन्ही बाजूंना ‘सी’ आकाराची जाड वळणे पाठीला पाठ लावून बसली आहेत, आणि डावी-उजवी बाजू तंतोतंत जुळते. हे दुसऱ्या लाटेचे काम आहे, म्हणजे मुंबईकडे १८४० च्या नंतरचे. खांब म्हणतात १८०० नंतर, फळी म्हणते १८४० नंतर. आता प्रश्न असा की दोन्ही एकाच वेळी घडले आहेत काय? जुन्या सामानात एका पलंगाचे खांब आणि दुसऱ्याची फळी जोडल्याची उदाहरणे पुष्कळ असतात, विशेषतः वाटण्या झालेल्या घरांत. म्हणून फळी उतरवून सांधे पाहावेत. फळीची कूस खांबाच्या खाचेत घट्ट आणि पूर्ण बसते का, खांबावर लाकडी पाचर ठोकून बुजवलेली दुसरी एखादी खाच आहे का, आणि सांध्याच्या आत, जिथे उजेड आणि पॉलिश कधी पोचलेले नाही तिथे, दोन्ही लाकडांचा रंग आणि रेषा जुळतात का, या तीन गोष्टी तपासायच्या. समजा बुजवलेली खाच नाही आणि लाकूड जुळते. तर पलंग एकसंध आहे, आणि त्याचा काळ फळी ठरवणार. खांबांवरचा नमुना फॅशन ओसरल्यावरही सुतारांनी वापरला इतकाच अर्थ निघतो. मुंबईच्या कारखान्यांत ही गोष्ट नेहमीची होती.

तिसरी पायरी स्क्रूंची, आणि ती नक्षीची पडताळणी करते. फळीला मागून आधार देणाऱ्या लोखंडी पट्टीचा एक स्क्रू काढून त्याचे टोक पाहावे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लाकडाचे स्क्रू बोथट टोकाचे असत आणि आधी भोक पाडल्याशिवाय आत जात नसत. टोकदार स्क्रू यंत्रावर बनवण्याच्या पद्धतीचे पेटंट अमेरिकेत १८४६ मध्ये निघाले आणि बर्मिंगहॅमच्या नेटलफोल्ड कारखान्याने तिचे हक्क १८५४ मध्ये घेतले. त्यानंतर ते स्क्रू इंग्लंडमधून बाहेर जाऊ लागले. आपल्या पलंगात टोकदार स्क्रू निघाला, तर मर्यादा आणखी पुढे सरकून १८५४ च्या नंतर येते. पण एका स्क्रूवर निकाल देऊ नये, कारण तुटलेला स्क्रू बदलणे हे कोणत्याही दुरुस्तीतले पहिले काम असते. तीन-चार स्क्रू काढून पाहावेत आणि भोकाभोवतीचा डाग तपासावा : खाऱ्या दमट हवेत लोखंड गंजून लाकडावर काळसर कडे उमटते, आणि मूळच्या स्क्रूचे डोके त्या कड्याशी नेमके जुळते. डोक्यापेक्षा कडे मोठे असेल किंवा भोक काडी घालून घट्ट केलेले असेल, तर स्क्रू नंतरचा.

चौथी खूण फळीच्या मागच्या, रंधा न मारलेल्या बाजूला असते. कमानीसारख्या वळलेल्या रेघा दिसल्या, तर लाकूड यांत्रिक गोल करवतीवर चिरले आहे, म्हणजे ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाकडे किंवा त्याच्या पुढे झुकते. सरळ, थोड्या वेड्यावाकड्या रेघा दिसल्या, तर लाकूड दोन माणसांनी हातकरवतीने कापलेले आहे. मात्र त्यावरून पलंग जुना असा निष्कर्ष काढता येत नाही, कारण आपल्याकडे हाताने लाकूड कापण्याचे काम विसाव्या शतकातही चालू होते. ही खूण फक्त एका दिशेने बोलते, हे लक्षात ठेवले पाहिजे.

अशा रीतीने आपला पलंग १८५४ च्या नंतरचा ठरला. पुढची बाजू बांधायची तर पुरावा सैल असतो. यंत्राने तारेपासून बनवलेले गोल खिळे १८९० नंतर सर्रास झाले, आणि मूळच्या जोडांत ते नसतील तर वस्तू त्याआधीची असण्याची शक्यता वाढते. आणि १९०० च्या सुमारास भरगच्च जाळीकामाची आवडही ओसरली. म्हणून ‘साधारण १८५५ ते १८९०, मुंबईचे काम, खांबांवर जुना नमुना’ इतकेच प्रामाणिकपणे लिहिता येते. आंग्र्यांचा दावा गेला म्हणून पलंगाचे मोल उणे होत नाही. त्याच काळात कोकणातली माणसे नोकरी-व्यापारासाठी मुंबईला जात होती आणि सामान बोटीने गावी येत होते, आणि हा पलंग बहुधा त्याच वाटेने घरात आला. तो त्या घराचा अधिक खरा इतिहास आहे.

धातूच्या वस्तूंना हाच नियम लागू होतो, फक्त खुणा वेगळ्या. समईच्या बैठकीवरच्या कमळपाकळ्यांचे वय सांगता येत नाही हे वर आलेच. मग समई उलटी करावी. जुन्या ओतीव कामात बैठकीची आतली बाजू खडबडीत, जाडी कुठे कमी कुठे जास्त आणि कानशीचे ओरखडे वेगवेगळ्या दिशांना गेलेले असतात. आतून नियमित समकेंद्री वर्तुळे दिसली, तर ती लेथवर साफ केली आहे. पत्रा दाबून किंवा घुमवून केलेली बैठक हातात घेताच हलकी लागते आणि पाकळीच्या वरच्या उठावाच्या बरोबर मागे तेवढाच खड्डा असतो. समईचे भाग ज्या मळसूत्रांनी एकमेकांत बसतात, तीही पाहावीत : हाताने पाडलेले आटे जाडसर आणि असमान असतात, त्यामुळे एका समईचा भाग दुसरीत बसत नाही, तर यंत्राने पाडलेले आटे एकसारखे असतात.

जुन्या समईवरूनच साचा घेऊन ओतलेल्या नकला बाजारात पुष्कळ आहेत, आणि त्यांवर नक्षी हुबेहूब असल्यामुळे आकारावरून काहीच कळत नाही. इथे धातूचा स्वभाव मदतीला येतो. पितळ थंड होताना साधारण दीड टक्का आकसते. मुळातले नमुने बनवताना ओतारी ही घट धरून नमुना मोठा करतो, पण तयार समईच नमुना म्हणून वापरली, तर नक्कल मुळापेक्षा तेवढी लहान निघते. दोन फुटी समईत हा फरक सुमारे नऊ मिलिमीटर होतो. शिवाय पाकळ्यांच्या कडा आणि शिरा बोथट होतात, जणू वर्षानुवर्षे घासल्या गेल्या आहेत. खऱ्या झिजेत मात्र उंचावरचे भाग गुळगुळीत झालेले असतात आणि पाकळ्यांमधल्या खोल खाचा अजून तीक्ष्ण असतात, कारण चिंच आणि राखेने समई घासणाऱ्या हाताचे बोट तिथपर्यंत पोचत नाही. उंच आणि खोल दोन्ही सारखेच बोथट असतील, तर ती झीज नव्हे, ती नक्कल. हिरव्या गंजावर मात्र मुळीच विसंबू नये. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत पितळ थोड्याच वर्षांत हिरवे पडते, आणि मुद्दाम पाडायचे असेल तर त्याहून लवकर.

माडीच्या लोखंडी कठड्यावर ‘सी’ आणि ‘एस’ वळणे असतात, तेव्हा ती घडीव आहेत, ओतीव आहेत की जोडलेली, एवढे पाहिले की पुरते. लोहाराने तापवून वळवलेल्या पट्टीचे टोक निमुळते असते, कोणतीही दोन वळणे हुबेहूब सारखी नसतात आणि दोन वळणे जिथे भेटतात तिथे लोखंडी पट्टीचा वेढा घातलेला असतो. ओतीव कठड्यात प्रत्येक तुकडा तंतोतंत सारखा असतो, कडेने साच्याच्या जोडाची बारीक रेघ जाते आणि तुटलेल्या जागी लोखंड दाणेदार दिसते. विलायतेत ओतलेले लोखंडी भाग जहाजाने आणून मुंबईत वॉटसन हॉटेलची इमारत १८६० च्या दशकात उभी राहिली, आणि कोकणातले ओतीव नक्षीदार कठडे त्या काळानंतरचे मानणे सुरक्षित आहे. वळणांच्या जोडावर वितळलेल्या धातूचा ओघळ असेल, तर ते विजेच्या वेल्डिंगचे काम, म्हणजे फार अलीकडचे.

घंटेवर कधी कधी नक्षीच्या सोबत सालच कोरलेले असते, आणि तेव्हा पानांच्या पट्टीवर विचार करत बसण्याची गरज नसते. पण साल कशाचे आहे हे विचारावे लागते. नाशिकच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेवर १७२१ हे साल आहे. ती पोर्तुगीज घंटा चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यानंतर मराठ्यांकडे आली, आणि ते मंदिर १७४७ मध्ये बांधले गेले. ओतल्याचे वर्ष, हाती आल्याचे वर्ष आणि टांगल्याचे वर्ष अशी तीन वर्षे एका घंटेला असतात. पालीच्या बल्लाळेश्वराच्या देवळातली युरोपीय घडणीची घंटाही वसईच्या विजयातून आल्याचे सांगितले जाते. घरातल्या पलंगालाही हे लागू आहे : तो घडला केव्हा आणि घरात आला केव्हा, ही दोन वेगळी उत्तरे असतात, आणि नक्षी फक्त पहिल्याबद्दल बोलते.

तपासणी करणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची सूचना. पॉलिशवाल्याला बोलावण्याच्या आधी सांध्यांच्या आतला रंग, फळीची मागची बाजू, स्क्रूंची टोके आणि नक्षीच्या खोल खाचा यांची छायाचित्रे पट्टी शेजारी ठेवून काढावीत. कच कागदाने घासून नवे पॉलिश केले की करवतीच्या रेघा आणि स्क्रूभोवतीचे काळे कडे कायमचे जातात, आणि मग उरते ती फक्त नक्षी. काढलेला प्रत्येक स्क्रू त्याच्याच भोकात परत लावावा आणि मोडलेला टाकून न देता चिठ्ठीसह पलंगाच्याच खणात किंवा घरातल्या कागदांत ठेवावा, कारण पुढच्या तपासणाऱ्याला काळ ठरवण्यासाठी नक्षीइतकाच तोही लागणार आहे.